धागा: जूनमध्ये राजीनामा दिला, पोर्टलवर अजून संचालकच आहे, आता चेक बाउन्सची नोटीस आली

तिठा | ४ फेब्रुवारी २०२५, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज गरजेपोटी लिहितोय.

मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र, आमची एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. संचालक आम्ही दोघंच, शेअर निम्मेनिम्मे, भांडवल दहा लाख. वर्षभर कुरबुरी चालल्या होत्या. शेवटी १२ जून २०२४ ला मी त्याला ईमेल केला, ‘आजपासून संचालकपदाचा राजीनामा देत आहे’, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही तेच टाकलं. त्याचं उत्तर आलं, ‘ठीक आहे, बघू’. त्या दिवसापासून मी ऑफिसात पाऊल टाकलेलं नाही.

३१ जानेवारीला घरी वकिलाची नोटीस आली. कंपनीने एका पुरवठादाराला २० नोव्हेंबर २०२४ तारखेचा चेक दिला होता, तो १४ जानेवारीला परत गेला. सही मित्राची एकट्याची. पण नोटिशीत कंपनी, तो आणि मी असे तिघं. पंधरा दिवसांत पैसे भरा नाहीतर खटला. एमसीएच्या, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या मंत्रालयाच्या पोर्टलवर पाहिलं तर माझं नाव जसंच्या तसं आहे. राजीनामा रजिस्ट्रारला कळवायचा डीआयआर-१२ फॉर्म त्याने भरलेलाच नाही.

मी यात अडकतो का? आणि आता नाव कसं काढायचं?

कोरडवाहू | ४ फेब्रुवारी, रात्री ९:४०

सरळ आहे हो. पोर्टलवर नाव आहे म्हणजे तुम्ही संचालक आहात. डीआयआर-१२ भरेपर्यंत राजीनामा हा नुसता कागद. मित्राने मंजूर केला का? बोर्डाचा ठराव झाला का? नाही ना? मग अडकलात. आधी मित्राच्या हातापाया पडा.

पाणपोई | ४ फेब्रुवारी, रात्री १०:०५

अगदी हाच प्रश्न आमच्याकडे आहे. माझे वडील पतसंस्थेत संचालक होते, तीन वर्षांपूर्वी सोडलं. आता त्यांच्या काळातल्या कर्जवाटपाची चौकशी लागली आहे आणि त्यांनाही बोलावलंय. त्यांनीही डीआयआर-१२ भरायला हवा होता का?

किल्ली | ४ फेब्रुवारी, रात्री १०:५१

पाणपोई, पतसंस्था सहकार कायद्याखाली येते. तिथे एमसीए नाही, निबंधक आहे, आणि चौकशीची कलमंही वेगळी. डीआयआर-१२ विसरून जा आणि वेगळा धागा काढा, इथे दोन्हींची खिचडी होईल. मुद्दा तेवढा सारखा आहे, काळ त्यांचा असेल तर प्रश्न त्यांनाही विचारले जातात.

तिठा, मी सीएस म्हणजे कंपनी सेक्रेटरी आहे, हेच काम करते. कोरडवाहूंचं अर्धं बरोबर आहे आणि अर्धं तुम्हाला विनाकारण घाबरवणारं आहे.

२०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १६८ आहे. त्यात राजीनामा मंजूर करण्याचा विषयच नाही. बोर्डाने फक्त नोंद घ्यायची असते. कंपनीला लेखी सूचना ज्या दिवशी मिळाली तो दिवस, किंवा तुम्ही पत्रात पुढची तारीख दिली असेल तर ती, यातली जी नंतरची असेल तेव्हा राजीनामा लागू होतो. डीआयआर-१२ कंपनीने तीस दिवसांत भरायचा असतो, तो नुसता रजिस्ट्रारला कळवण्यासाठी. तो न भरणं ही कंपनीची चूक, त्यामुळे तुमचा राजीनामा मागे सरकत नाही.

तुमची अडचण दुसरीच आहे. ‘कंपनीला मिळाली’ हे सिद्ध कसं करणार? ईमेल कुठल्या पत्त्यावर केला होता? कंपनीचा पोर्टलवर नोंदलेला ईमेल की मित्राचा खाजगी?

तिठा | ४ फेब्रुवारी, रात्री ११:०८

मित्राचा खाजगी जीमेल. कंपनीच्या नोंदलेल्या आयडीचा पासवर्ड अकाउंटंटकडे असतो, तो कुणी उघडत नाही.

किल्ली | ५ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

मग इथे भांडायला जागा आहे. दुसरा संचालक तोच, त्याला कळलं म्हणजे कंपनीला कळलं, असं तुम्ही म्हणाल. ‘ठीक आहे, बघू’ हे उत्तर तुमच्या कामाचं आहे, कारण मिळाल्याची पोच त्यातच आली. तो म्हणेल, मित्राशी रागाच्या भरात झालेलं बोलणं होतं ते, कंपनीला सूचना कुठे दिली? माझ्या मते तुमची बाजू वरचढ आहे, पण हे कोर्टात बोलायचं आहे एवढं लक्षात ठेवा.

आज एक करा. कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पत्र, आणि नोंदलेल्या ईमेलवर तेच. पण नवीन राजीनामा लिहू नका! ‘मी याद्वारे राजीनामा देत आहे’ असं एक वाक्य गेलं की तुम्हीच तुमच्या हाताने तारीख फेब्रुवारी २०२५ करून टाकलीत आणि नोव्हेंबरचा चेक तुमच्या काळात आला. लोक घाबरून नेमकं हेच करतात. पत्रात एवढंच लिहा की १२ जून २०२४ ला मी राजीनामा दिला, त्याच दिवशी तो मिळाल्याचं उत्तर आलं, दोन्हींच्या प्रती सोबत आहेत, डीआयआर-१२ अजून भरलेला नाही तो त्याच तारखेने भरावा.

त्यानंतर तुमचा स्वतःचा डीआयआर-११. हा फॉर्म राजीनामा देणारा स्वतःच्या डिजिटल सहीने भरतो, कंपनीची परवानगी लागत नाही. २०१८ च्या मे पर्यंत तो सक्तीचा होता, आता ऐच्छिक आहे. ऐच्छिक म्हटल्यावर कुणी भरत नाही आणि मग असे धागे निघतात. मुदत तीस दिवसांचीच होती, पण जादा फी भरून आताही प्रयत्न करा. राजीनाम्याचं पत्र आणि ते पाठवल्याचा पुरावा जोडावा लागतो.

डीआयआर-११ ने पोर्टलवरचं नाव आपोआप जाईल अशी आशा ठेवू नका. त्यासाठी कंपनीचा डीआयआर-१२ लागतो. डीआयआर-११ चा उपयोग एवढाच की सरकारी नोंदीत तुमच्या बाजूने एक तारीख बसते.

उंबरठा | ५ फेब्रुवारी, सकाळी ९:४५

मी वकिली करतो, चेकचे खटले रोजचे आहेत. किल्ली यांनी सांगितलं ते ठीक, पण तिठा यांच्यासाठी जास्त घाईची तारीख १५ फेब्रुवारी आहे. नोटीस ३१ जानेवारीला मिळाली, तिथून पंधरा दिवस. त्या आत वकिलाकडून उत्तर गेलंच पाहिजे. उत्तर न दिल्याने गुन्हा शाबीत होतो असं नाही, पण पुढे कोर्टात ‘मी आधीच सोडलं होतं’ म्हणाल तेव्हा पहिला प्रश्न येतो, मग नोटिशीला का नाही सांगितलंत?

चेकच्या कायद्यातल्या कलम १४१ मध्ये, गुन्हा घडला तेव्हा कंपनीचा कारभार ज्याच्या ताब्यात होता आणि जो त्यासाठी जबाबदार होता, त्याला धरतात. नुसतं नाव संचालकांच्या यादीत आहे एवढ्यावर भागत नाही. चेकच्या आधीच राजीनामा झाला होता आणि रजिस्ट्रारकडे तशी नोंद होती, अशा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये खटला सुरुवातीलाच रद्द केला होता. पुढेही तसे निकाल आले. पण नीट वाचा, ‘रजिस्ट्रारकडे नोंद होती’. तो सरकारी कागद असल्यामुळे कोर्टाने साक्षीपुरावा होण्याआधीच त्याच्यावर विश्वास ठेवला. तुमच्याकडे जीमेलचा प्रिंट आहे. खरा असला तरी मॅजिस्ट्रेट म्हणेल, पुराव्याच्या वेळी बघू. म्हणजे कदाचित सुटाल, पण तीन-चार वर्षं तारखा करून. डीआयआर-१२ ची खरी किंमत ही आहे. त्या अर्थाने कोरडवाहू अगदीच चुकले नाहीत.

एक प्रश्न विचारतो, खरं उत्तर द्या. १२ जूननंतर कंपनीच्या कुठल्याही कागदावर सही केलीत का? डिजिटलसुद्धा धरून.

तिठा | ५ फेब्रुवारी, दुपारी १:३०

...केली. ऑगस्टच्या अखेरीस अकाउंटंटचा फोन आला, मार्च २०२४ चा ताळेबंद दोन संचालकांच्या सहीशिवाय जात नाही म्हणाला. वर्ष तर माझ्याच काळातलं होतं, म्हणून केली. तारीख २८ ऑगस्ट २०२४ आहे.

आणि विचारताच आहात तर, माझा डिजिटल सहीचा टोकन अकाउंटंटच्याच ड्रॉवरमध्ये असतो. आणखी कशावर वापरला असेल ते मला माहीत नाही.

कोरडवाहू | ५ फेब्रुवारी, दुपारी १:४१

अरे देवा.

उंबरठा | ५ फेब्रुवारी, दुपारी २:१५

समोरचा वकील हाच कागद पहिला काढेल. जूनमध्ये सोडलं म्हणता आणि ऑगस्टमध्ये ‘संचालक’ म्हणून सही करता. माझ्या मते याने तुमची जूनची तारीख बरीच दुबळी होते. राजीनाम्यानंतरही संचालकासारखे वागलात, मग राजीनामा गंभीर नव्हता असा अर्थ लावता येतो.

किल्ली | ५ फेब्रुवारी, दुपारी ३:५०

मला हे इतकं टोकाचं वाटत नाही. राजीनामा एकदा पोचला की लागू झाला. नंतर चुकून केलेल्या एका सहीने माणूस पुन्हा संचालक होत नाही, नेमणुकीची स्वतःची प्रक्रिया असते. ती सही सदोष ठरेल, ताळेबंद सदोष ठरेल, पण पद परत येणार नाही.

पण उत्तरात हा मुद्दा लपवू नका. वकिलाला आजच सांगा. ‘३१ मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात मी संचालक होतो, त्या वर्षाच्या हिशेबापुरती अकाउंटंटच्या सांगण्यावरून सही केली’ हे आपणहून सांगितलेलं आणि उलटतपासणीत बाहेर आलेलं, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आणि टोकन आज जाऊन ताब्यात घ्या. मिळत नसेल तर ज्यांनी दिलं त्या संस्थेकडून ते प्रमाणपत्र रद्द करून घ्या. डिजिटल सही म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उठवून देण्यासारखंच आहे. पोर्टलवर कंपनीचे भरलेले फॉर्म सार्वजनिक कागदपत्रांत थोडी फी भरून पाहता येतात, तिथे जूननंतर कुठल्या फॉर्मवर तुमची सही आहे ते तपासा.

रानजाई | ५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:३०

माझं उलटं झालं. मी राजीनामा दिलाच नव्हता. दिराबरोबर कंपनी होती, वाद झाला. एके दिवशी पोर्टल उघडलं तर माझं पद गेलेलं. कारण काय, तर बारा महिन्यांत एकाही बोर्ड मीटिंगला हजर नाही म्हणून कलम १६७ खाली पद आपोआप रिकामं. मीटिंगच्या नोटिसा मला कधी आल्याच नाहीत. नंतर इतिवृत्तात पाहिलं तर ‘नोटीस रीतसर पाठवली’ असं पाच वेळा, एकाच शाईत. एनसीएलटीमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करून दोन वर्षं झाली, अजून चालू आहे. तिठा, तुमच्या मित्राने हा मार्ग धरला तर?

कोरडवाहू | ५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:५५

तिठांसाठी तर उलट ते बरं! मित्राने बोर्डात ठराव करून काढून टाकलं तरी नाव गेलं म्हणजे झालं.

किल्ली | ५ फेब्रुवारी, रात्री ८:१०

बोर्ड संचालकाला काढू शकत नाही. कलम १६९ प्रमाणे काढायचं ते भागधारकांनी, सर्वसाधारण सभेत. आधी विशेष सूचना द्यावी लागते, सभेच्या किमान चौदा दिवस आधी. तिची प्रत त्या संचालकाला द्यायची, त्याला लेखी म्हणणं मांडायचा आणि सभेत बोलायचा हक्क. मग साधा ठराव, म्हणजे निम्म्याहून जास्त मतं. इथे दोघांकडे निम्मे निम्मे शेअर. पन्नास विरुद्ध पन्नास म्हणजे ठराव पडला. म्हणून अशा कंपन्यांत माणसं रानजाईंच्या दिरासारखी १६७ ची वाट शोधतात, कारण तिथे मतदान लागत नाही, फक्त इतिवृत्त लागतं. आणि ते लिहिणारा एकच असतो.

तिठांना ते परवडणार नाही याचं कारण तारीख. १६७ चं कारण दाखवलं तर जून २०२४ पासून बारा महिने मोजून पद जून २०२५ ला गेलं असं होईल. मधलं सगळं वर्ष तुमच्या अंगावर. नाव काढणं सोपं आहे हो, कुठल्या तारखेने काढलं त्यावर सगळं अवलंबून आहे.

आता खरी मेख. प्रायव्हेट कंपनीत किमान दोन संचालक लागतात. तुम्ही गेलात की एक उरतो. राजीनामा म्हणून अडत नाही, पण उरलेला एकटा काही करू शकत नाही, कारण बोर्डाच्या सभेला किमान दोघं हवेत. कलम १७४ त्याला दोनच गोष्टी करू देतं, गणपूर्ती होईल इतके संचालक नेमणं किंवा सर्वसाधारण सभा बोलावणं. म्हणजे जूनची तारीख मान्य केली तर जूननंतर त्याने बोर्डाच्या नावाने केलेला प्रत्येक ठराव उघडा पडतो. तिठा, या काळात बँकेचं काही झालं होतं का?

तिठा | ५ फेब्रुवारी, रात्री ८:४४

ऑक्टोबरमध्ये कॅश क्रेडिटचं नूतनीकरण झालं. चाळीस लाखांची मर्यादा आहे. माझी वैयक्तिक हमी २०२१ पासून आहे. या वेळी मी सही केली नाही, मला विचारलंच नाही. पण ठरावाची प्रत बँकेला गेली असणार, आणि त्यात दोघं हजर असंच लिहिलं असणार.

किल्ली | ५ फेब्रुवारी, रात्री ८:५२

म्हणजे मित्र डीआयआर-१२ का भरत नाही ते कळलं. आळस नाही तो.

शेवटचा बाक | ६ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

बँकेतून निवृत्त झालोय, कर्ज विभागात बरीच वर्षं काढली. तुम्ही सगळे चेकमागे लागला आहात आणि मला चिंता हमीची वाटते.

बाळा, बँकेला तुझ्या डीआयआर-१२ शी देणंघेणं नाही. हमी तू माणूस म्हणून दिलीस, संचालक म्हणून नाही. पद गेलं, शेअर विकले, तरी हमी तशीच राहते. बँकेने लेखी मोकळं केलं तरच सुटका. आणि बँक सहसा मोकळं करत नाही, बदली हमीदार किंवा तारण मागते.

करार कायद्यात कलम १३० आहे. चालू राहणारी हमी पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते. आजवरचं देणं तुझ्यावर राहतं, उद्याचं नाही. आता यातली गोम सांगतो. आमच्या हमीपत्राच्या छापील मजकुरात बारीक अक्षरांत एक कलम असायचं, की हमीदार हा हक्क सोडून देत आहे. सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये असं कलम ग्राह्य धरलं आहे. तेव्हा आधी तुझ्या हमीपत्राची प्रत काढ आणि वाच. कलम नसेल तर आज नोटीस दे, शाखेची पोच घे, आणि त्या दिवशीची थकबाकी किती ते लेखी माग. कलम असलं तरी नोटीस दे, निदान नूतनीकरण तुझ्या संमतीशिवाय झालं हे नोंदीवर येईल. जुन्या हमीपत्रात नूतनीकरणही धरलेलं असतं, तेही बघ.

परिणाम काय होईल तेही माहीत असू दे. नोटीस मिळाली की शाखा खातं गोठवण्याची शक्यता जास्त. चालू खात्यात पुढे जमा होणारे पैसे जुनी बाकी आधी फेडतात, म्हणून बँक तिथेच रेघ मारते. खातं गोठलं की कंपनीचे आणखी चेक परत जातील. मित्र भडकेल. ते गृहीत धर.

तिठा | ६ फेब्रुवारी, सकाळी ९:०२

काका, धन्यवाद. आणखी एक राहिलं होतं. निघताना मी चेकबुकात पाच चेक सह्या करून ठेवले होते, पगार अडू नयेत म्हणून. रक्कम, नाव, तारीख कोरी.

शेवटचा बाक | ६ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

पाच! तेव्हा तरी कुणाला विचारायचं होतंस रे.

उंबरठा | ६ फेब्रुवारी, सकाळी १०:००

हे आजच्या नोटिशीपेक्षा गंभीर आहे. नोव्हेंबरच्या चेकवर तुमची सही नाही, म्हणून ‘कारभार माझ्या ताब्यात नव्हता’ म्हणता येतं. सही करणाऱ्याला हा बचाव सहज मिळत नाही. कोरा चेक सही करून दिला आणि दुसऱ्याने भरला तरी सही करणारा सुटत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय. राजीनाम्यानंतरची तारीख घालून भरला तर काय, यावर दोन्ही बाजूंनी भांडता येतं, पण भांडायची वेळच येऊ नये.

बँकेला आजच लेखी कळवा की १२ जून २०२४ पासून माझा सहीचा अधिकार नाही, या पाच क्रमांकांचे चेक वटवू नयेत. क्रमांक आठवत नसतील तर शेवटच्या वटलेल्या चेकवरून अंदाज लागेल. पैसे थांबवायची सूचना खरं तर कंपनीने द्यायची, बँक ती ऐकेल न ऐकेल. पण तुम्ही वेळेत सांगितलं याची पोच तुमच्याकडे राहील. मित्राला आणि अकाउंटंटलाही तेच.

पाणपोई | ६ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

नवीन धागा काढलाय. कुणी तिकडेही या.

रानजाई | ६ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

कागदपत्रांचं काय? मी बाहेर पडले तेव्हा एकही कागद हातात नव्हता. त्यामुळे आता आम्हीच खोटं ठरतो. तिठा, तुमच्याकडे काय आहे?

तिठा | ६ फेब्रुवारी, दुपारी १:१५

माझ्याकडे बरंच आहे. इतिवृत्ताची वही, भागधारकांचं रजिस्टर, शेअर सर्टिफिकेटचं पुस्तक, दोन वर्षांच्या व्हाउचरच्या फाइली, सगळं घरी. मी कंपनीला सहा लाख उसने दिलेत. ते परत येईपर्यंत देणार नाही असं त्याला सांगितलंय.

कोरडवाहू | ६ फेब्रुवारी, दुपारी १:२०

बरोबर केलंत. हुकमाचं पान हातातून सोडू नका.

किल्ली | ६ फेब्रुवारी, दुपारी ३:०५

कोरडवाहू, कृपा करा. तिठा, हे हुकमाचं पान नाही, निखारा आहे. वह्या कंपनीच्या आहेत. कंपनीची मालमत्ता माजी अधिकाऱ्याने अडवून ठेवली तर कलम ४५२ आहे, दंड एक ते पाच लाख, आणि कोर्टाने परत करायला सांगूनही दिली नाही तर कैदही होऊ शकते. शिवाय तुम्ही म्हणणार ‘जूनपासून माझा काही संबंध नाही’, आणि कंपनीचं भागधारक रजिस्टर तुमच्या कपाटात! उद्या जीएसटीचं खातं व्हाउचर मागेल तेव्हा मित्र तुमच्याकडे बोट दाखवेल. सहा लाखांसाठी रीतसर मागणीची नोटीस द्या, तो वेगळा हिशेब आहे.

आधी तुमच्या काळातलं सगळं स्कॅन करा. बोर्ड मीटिंगची इतिवृत्तं, तुम्ही विरोध नोंदवला असेल ते कागद, जून २०२४ पर्यंतची जीएसटी आणि टीडीएसची विवरणं, बँकेची विवरणपत्रं, हमीपत्र. तुमच्या कारकिर्दीतल्या सभांच्या इतिवृत्ताची प्रत माजी संचालकालाही मागता येते, सचिवीय मानकातच तसं आहे. पण मागून मिळायला वर्ष जातं, आता हातात आहे तर काढून घ्या.

मग यादी. ‘जुन्या फाइली, २ गठ्ठे’ असली यादी कामाची नाही. ‘बोर्डाच्या इतिवृत्ताची वही, पान १ ते ६४, शेवटची सभा अमुक तारखेची, त्यापुढची पानं कोरी’ असं लिहा. कोऱ्या पानांवर आडवी रेघ मारून फोटो काढा, म्हणजे मागच्या तारखेची सभा तिथे उगवणार नाही. यादी दोन प्रतींत, एकावर घेणाऱ्याची सही आणि तारीख. घेत नसेल तर नोंदणीकृत पत्त्यावर पार्सल, आणि यादी नोंदलेल्या ईमेलवर.

जुन्या वह्या कशासाठी लागतात तेही सांगते. कलम १६८ मध्येच म्हटलंय की कारकिर्दीत घडलेल्या गुन्ह्यांसाठी राजीनाम्यानंतरही जबाबदारी राहते. कराचंही तसंच. प्रायव्हेट कंपनीकडून कर वसूल झाला नाही तर त्या काळातले संचालक धरले जातात, १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १७९, जीएसटीत कलम ८९. सुटायचं तर तुम्ही दाखवायचं की वसुली न होणं तुमच्या घोर हलगर्जीपणामुळे किंवा कर्तव्य चुकल्यामुळे नाही. सिद्ध तुम्ही करायचं. समजा एप्रिल-मे २०२४ चा जीएसटी भरला नसेल आणि नोटीस २०२७ मध्ये आली, तेव्हा तुमच्याकडे काय असेल? ‘कर भरा, पुरवठादार थांबू दे’ असा एखादा ईमेल, किंवा तो विरोध नोंदलेलं इतिवृत्त. तेच तुम्हाला वाचवेल. जूननंतरच्या महिन्यांचा कर मात्र तुमचा नाही, अर्थात जून सिद्ध झाला तर.

तिठा | १२ फेब्रुवारी, रात्री १०:४०

सगळ्यांना एकत्र सांगतो.

नोटिशीचं उत्तर १० तारखेला वकिलामार्फत गेलं, ऑगस्टच्या सहीसकट सगळं लिहून. स्पीड पोस्टाचं पत्र नोंदणीकृत पत्त्यावर पोचल्याची नोंद आहे. टोकन आणलं. पोर्टलवर पाहिलं, ताळेबंदाशिवाय आणखी एका फॉर्मवर माझी सही निघाली, सप्टेंबरमधली, मी न केलेली. वकिलाला दाखवलीय. डीआयआर-११ सीएस बाईंकडून काल भरून घेतला, १२ जूनच्या तारखेने.

पाचपैकी तीन चेक मित्राने परत दिले. दोन ‘सापडत नाहीत’. बँकेच्या पत्राची पोच आहे.

हमीपत्रात काका म्हणाले ते कलम आहे. चौथ्या पानावर.

वह्या रविवारी दिल्या. यादीवर सही करताना तो म्हणाला, डीआयआर-१२ भरायला तयार आहे. बायकोला संचालक म्हणून घेतोय, एकाच फॉर्ममध्ये तिची नेमणूक आणि माझं जाणं. जादा फीसुद्धा भरीन म्हणाला. फक्त राजीनाम्याची तारीख १० फेब्रुवारी २०२५ घालायची, आणि त्यासाठी मी त्या तारखेचं नवं पत्र द्यायचं.

कोरडवाहू | १२ फेब्रुवारी, रात्री १०:५५

नाव जातंय ना? देऊन टाका, आणि शांत झोपा.

उंबरठा | १२ फेब्रुवारी, रात्री ११:१०

तिठा, ते पत्र दिलंत तर परवा पाठवलेलं माझ्या व्यवसायबंधूंचं उत्तर तुम्हीच खोडून काढलंत. जूनच्या तारखेबद्दल मला अजूनही किल्ली यांच्याइतकी खात्री नाही, पण म्हणून स्वतःहून सोडून द्यायची गरज नाही.

किल्ली | १२ फेब्रुवारी, रात्री ११:२६

देऊ नका. त्याला फी वाचवायची नाही, ऑक्टोबरचा बँकेचा ठराव वाचवायचा आहे. दहा लाख भांडवलावर या फॉर्मची फी ४०० रुपये, १८० दिवसांच्या वर उशीर म्हणून बारापट जादा, म्हणजे ४,८०० आणखी. एकूण ५,२०० रुपयांत जूनची तारीख मिळते. त्याला लेखी कळवा की १२ जूनचंच पत्र जोडावं, दुसरं कुठलंही पत्र मी दिलेलं नाही. तरीही त्याने फेब्रुवारी घातली तर एक फॉर्म जूनचा आणि एक फेब्रुवारीचा असे दोन नोंदीवर राहतील. मग रजिस्ट्रारकडे तक्रार, नाहीतर एनसीएलटी. लवकर सुटेल असं खोटं सांगणार नाही.

सप्टेंबरच्या त्या फॉर्मचं मात्र वेगळं बघायला हवं. कुठला फॉर्म आहे?

तिठा | १२ फेब्रुवारी, रात्री ११:४१

सीएचजी-१. बँकेच्या नावे तारण वाढवल्याचा.

शेवटचा बाक | १३ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

उद्या सकाळी हमीपत्र आणि तो फॉर्म दोन्ही घेऊन शाखेत जा. एकटा जाऊ नकोस, वकील बरोबर असू दे.